जिन्याखाली पुढे सरका

एक हात बसच्या दांडीला, दुसऱ्यात पिशवी. फोन खिशात, कानात इअरफोन. म्हणून मी फोनमध्ये मेसेज मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय चालू केली. एक बटण दाबलं की झालं. कुणाचे वाचायचे आणि कुणाचे नाहीत, ही यादी मात्र 'सावकाश बघू' म्हणून ठेवून दिली.

पहिल्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपने घात केला. इमोजी आला की फोन त्याचं नाव उच्चारतो, म्हणजे सुप्रभातच्या मागोमाग गुलाब, गुलाब, गुलाब, जोडलेले हात. या गुलाबांच्या रांगेत बायकोचा मेसेज अडकला होता: Nal tutla. Valve kuthe ahe? रोमन लिपी दिसली की आवाजाला ते इंग्रजी वाटतं. 'नॅल टटला' एवढं ऐकून मला कुणा परदेशी पाहुण्याचं नाव वाटलं. 'व्हॉल्व्ह' तेवढं स्वच्छ कळलं, कारण तोच शब्द खरा इंग्रजी.

उत्तर द्यायला मनगटावरचं घड्याळ तोंडाशी आणलं. (दांडीला धरलेला तोच हात. म्हणजे आता तोल शेजाऱ्याच्या खांद्यावर.) मी म्हणालो, "जिन्याखाली," आणि श्वास घेतला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं. माइकला माझा आवाज आणि त्याचा आवाज यातला फरक कळत नाही, आणि पाठवण्याआधी उत्तर वाचून दाखवायची पायरी मी वेळ वाचवायला बंद केली होती. घरी पोचलं ते असं: "जिन्याखाली पुढे सरका मागे जागा आहे निळं चाक उजवीकडे फिरव."

तिचं उत्तर आलं, या वेळी देवनागरीत, त्यामुळे फोनने अगदी शुद्ध वाचलं: "मागे जागा नाही. सायकल आहे."

त्या रात्री यादी केली. वाचायचे ते फक्त तीन माणसांचे, तेही इअरफोन कानात असतील तेव्हाच. ग्रुप बंद. अनोळखी नंबर बंद, कारण बँकेचा ओटीपी मोठ्याने वाचला जायला नको. बाकीच्यांच्या मेसेजला घड्याळाने नुसतं थरथरावं. आणि घरच्यांना विनंती, घाईतही देवनागरीच.

पाठवण्याआधी वाचून दाखवणंही चालू केलं. वाचलं की फोन विचारतो, पाठवू का? काल उत्तरात शेजाऱ्यांची मुलाखत घुसली होती, म्हणून मी "नको" म्हणायला तोंड उघडलं, तर माझ्या आधी शेजारच्या काकू स्वतःच्या फोनला म्हणाल्या, "हो, पाठव."

गेलं.