चिठ्ठीवरचे एसओएस आणि चोवीस तासांचा हिशेब

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे १-०-१ असे लिहिलेले असले की कोणी फारसे प्रश्न विचारत नाही, कारण सकाळी एक आणि रात्री एक हे आता घरोघरी ठाऊक आहे. त्याच जागी एसओएस लिहिले असेल तर मात्र औषधांच्या दुकानात माझ्यासमोर उभी असलेली व्यक्ती बहुधा म्हणते, "म्हणजे लागेल तेव्हा घ्यायची ना?" हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. बुडत्या जहाजाच्या संदेशाशी या अक्षरांचा काही संबंध नाही. 'सी ओपुस सीट' या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ 'गरज असल्यास' एवढाच आहे. गोळी कधी सुरू करायची हे त्यातून कळते. दोन गोळ्यांमध्ये किती अंतर ठेवायचे आणि कुठे थांबायचे, हे कळत नाही.

सर्वांत जास्त वेळा एसओएस लिहिली जाते ती पॅरासिटामॉलची गोळी, म्हणून तिचेच उदाहरण घेतो. निरोगी प्रौढ माणसासाठी एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत सगळे मिळून ४००० मिलिग्रॅम, ही तिची सर्वसाधारण कमाल मर्यादा आहे. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोजचे मद्यपान असेल किंवा कित्येक दिवस पोटात नीट अन्न गेलेले नसेल, तर डॉक्टर ही मर्यादा बरीच खाली आणतात. आणि हे २४ तास कॅलेंडरच्या तारखेप्रमाणे रात्री बारा वाजता नव्याने सुरू होत नाहीत. रात्री अकराला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशीच्या हिशेबातही धरावी लागते.

ही मर्यादा यकृतामुळे येते. पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते, पण थोड्या भागापासून एक विषारी पदार्थ तयार होतो. ग्लुटाथायोन नावाचा यकृतातला साठा त्याला लगेच निष्प्रभ करतो, म्हणून नेहमीच्या मात्रेत काही बिघडत नाही. मात्रा वाढत गेली की हा साठा भरून निघण्याआधीच संपतो आणि ते विष यकृताच्या पेशींवरच उलटते. उपास आणि मद्यपान यांत मर्यादा कमी का, याचेही उत्तर यातच आहे. शिवाय पहिल्या दिवशी बहुधा थोडी मळमळ किंवा उलटी होते, कधी तेवढेही होत नाही. बरगडीखाली उजवीकडे दुखणे आणि कावीळ नंतर दिसते. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा उपलब्ध आहे, पण एकाच वेळी मोठी मात्रा पोटात गेली असेल तर पहिल्या आठ तासांत दिल्यास तो सर्वांत चांगला काम करतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचे लक्षात आल्यावर लक्षणांची वाट पाहत घरी बसू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

मुद्दाम एवढ्या गोळ्या खाणारे थोडेच असतात. बहुतेकदा गडबड होते ती वेगवेगळ्या नावांमुळे. समजा, तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी एसओएस दिली आहे आणि ताप उतरत नाही म्हणून काकांनी ती दिवसभरात पाच वेळा घेतली. हे ३२५० झाले. सर्दीची गोळी तीनदा घेतली, तिच्यात प्रत्येकी ३२५ पॅरासिटामॉल आहे, हे ९७५. पाठदुखीसाठी घरात पडून असलेली ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी दोनदा घेतली, तिचे ६५०. बेरीज ४८७५ होते. काकांच्या मते मात्र त्यांनी तीन निरनिराळी औषधे बेतानेच घेतली. गोळ्यांच्या पत्त्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. तिन्ही पत्ते शेजारी ठेवून 'पॅरासिटामॉल' हा शब्द शोधला असता तर ते तिथल्या तिथे समजले असते.

मर्यादेपर्यंत गोळ्या घेऊनही ताप किंवा दुखणे हटत नसेल, तर पुढची गोळी घेण्याऐवजी डॉक्टरांना कळवावे. तसेच दम्याच्या रुग्णाला एसओएस दिलेला साल्ब्युटामॉलचा पंप पूर्वीपेक्षा वारंवार ओढावा लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असाच त्याचा अर्थ असतो.

माझे स्पष्ट मत असे की नुसते एसओएस लिहिलेली चिठ्ठी अपुरी समजावी आणि औषध देणाऱ्याने उरलेला भाग विचारून पत्त्यावर पेनाने लिहून द्यावा. दवाखान्यात गर्दी असते हे मला मान्य आहे, पण 'ताप १०० च्या वर गेल्यास एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही' हे लिहायला अर्धे मिनिट पुरते. चिठ्ठीवर ते नसेल तर रुग्णाने तिथेच बसून तीन गोष्टी विचाराव्यात: कशासाठी घ्यायची, किती अंतराने आणि दिवसाला जास्तीत जास्त किती.