दवाखान्याच्या सुट्टीची पाटी: एक बिनचूक पद्धत

दवाखाना दहा दिवस बंद ठेवायचा आहे ना? मग काळजी करू नका. काउंटरवर बसून मी अशा पाट्या इतक्या वर्षांत लिहिल्यात की आता डोळे मिटूनही लिहीन. निम्म्याहून जास्त डोळे मिटूनच लिहिल्या होत्या असं पेशंट म्हणतात, ते सोडून द्या.

सुरुवात तारखेपासून करू. समजा, शुक्रवार 24 पासून रविवार 2 पर्यंत दवाखाना बंद आहे आणि सोमवारी 3 तारखेला उघडणार आहे. हे असंच्या असं लिहिलंत तर लोकांना कळेल आणि फोन येणार नाहीत. सुट्टीआधी चार फोन आले नाहीत तर काउंटरची किंमत काय राहिली? म्हणून फक्त ‘दवाखाना 3 तारखेपर्यंत बंद’ एवढंच लिहा. ‘पर्यंत’ हा आपल्या भाषेतला फार मोकळ्या मनाचा शब्द. त्यात 3 तारीख धरलेली आहे की सोडलेली, हे ज्याचं त्यानं ठरवावं. निम्मे पेशंट 3 ला येतील, निम्मे 4 ला, म्हणजे गर्दी आपोआप विभागली गेली. वार लिहू नका. वार आणि तारीख दोन्ही लिहिली की एक चुकली तर दुसरीवरून पकडली जाते, आणि आपल्याला पकडलं जायचं नाहीये.

पाटी कुठे लावायची? शटरच्या आत, काचेवर. शटर वर असेल तेव्हा दवाखाना चालूच असतो, त्यामुळे पाटीची गरज नसते. शटर खाली आलं की पाटी दिसत नाही. दोन्ही वेळा तिच्यापासून कुणालाही त्रास नाही.

आता मुख्य काम. ज्यांना आधीच अपॉइंटमेंट दिलेली आहे आणि ती बंदच्या दिवसांत पडते, अशांच्या तारखा हलवायच्या. इथे बरेच नवशिके एकेका पेशंटचं नाव काढून, तो कशासाठी येणार आहे हे बघून फोन करत बसतात. तुम्ही तसलं काही करू नका. सगळ्यांना एकच मेसेज पाठवा: ‘सुट्टीमुळे तुमची अपॉइंटमेंट पुढे घेतली आहे.’

या वाक्याची ताकद लक्षात घ्या. ‘पुढे ढकलली’ म्हटलं असतं तर उशिराची तारीख, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ‘अलीकडे आणली’ म्हटलं असतं तर लवकरची, यातही शंका नव्हती. पण ‘पुढे घेतली’! रांगेत पुढे घेतलं म्हणजे नंबर लवकर आला. कॅलेंडरवर पुढे घेतलं म्हणजे नंबर लांबला. एका वाक्यात दोन्ही सोयी. खाली नवी तारीख आणि वेळ लिहिलीत तर मात्र सगळी मजा गेली.

आमच्याकडे एका वर्षी हाच मेसेज गेला होता, त्याची हकिकत सांगतो. दोघांना टाके पडलेले होते. एक कॉलेजातला मुलगा, भुवईजवळ चार टाके, 20 तारखेला घातलेले. दुसऱ्या एक मावशी, जिन्यावरून पडल्या होत्या, गुडघ्यावर सात टाके, 17 तारखेचे. चेहऱ्याचे टाके साधारण पाचव्या दिवसापर्यंत काढतात, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर, जखम लवकर धरते आणि दोरा जास्त दिवस राहिला तर त्याचे आडवे वण कायमचे उमटतात. गुडघ्याचं नेमकं उलट. दर पावलाला तिथली कातडी ताणली जाते, म्हणून तिथले टाके चौदा दिवस तरी ठेवतात. मुलाची तारीख होती 25, मावशींची 31. दोन्ही बंदमध्ये.

डोकं वापरायचंच असतं तर हिशेब सोपा होता. मुलाला 23 ला बोलवायचं. तिसरा दिवस, जखम नीट धरलेली दिसली तर टाके काढून वर चिकटपट्ट्या लावता आल्या असत्या. मावशींना 3 ला. चौदाचे सतरा दिवस झाले असते, गुडघ्याला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. म्हणजे एकाची तारीख अलीकडे, दुसरीची पलीकडे.

पण मेसेज दोघांना एकच. मुलानं वाचलं ‘पुढे’ म्हणजे नंतर, आणि निवांत 3 तारखेला आला. चौदाव्या दिवशी. टाके काढले तेव्हा भुवईखाली रेल्वेच्या रुळासारख्या बारीक आडव्या रेघा राहिल्या होत्या. मावशींनी वाचलं ‘पुढे’ म्हणजे लवकर, आणि 23 ला संध्याकाळी हजर. सहावा दिवस. त्या संध्याकाळी बाकावर जागा नव्हती, बाहेरच्या पायरीवरही नव्हती. फाइल कुणी उघडली नाही. तारखेला आल्यात म्हणजे काढायचेच असतील, असं धरून टाके काढले. मावशी घरी पोचून खाली बसायला गेल्या आणि जखमेचं तोंड मधोमध उघडलं. रात्री साडेनऊ वाजता पदराचा बोळा गुडघ्यावर दाबून त्या बंद शटरसमोर उभ्या होत्या. शेजारच्यानं दुसरीकडे नेलं. मेसेज मीच टाइप केला होता, म्हणून ती वेळ लक्षात आहे.

तर घाबरू नका, एकच मेसेज पाठवा.

लसीच्या बाबतीतही असाच सरसकटपणा ठेवा. जाणकार म्हणतात, बाळाचा पुढचा डोस काही दिवस उशिरा झाला तर सहसा बिघडत नाही, राहिला तिथून पुढे चालू करायचं, पहिल्यापासून नाही. पण दोन डोसांमधलं किमान अंतर असतं, बऱ्याच लसींना चार आठवड्यांचं. त्याच्या फार आधी टोचलं तर तो डोस मोजायचाच नाही, पुन्हा द्यायचा. म्हणजे इथे ‘सुट्टीआधी उरकून टाकू’ ही तुमची मायाळू घाई बाळाला एक सुई जास्तीची पडते. कुत्रा चावलेल्या माणसाचं मात्र वेगळं. त्याचे डोस ज्या दिवशी ठरलेत त्या दिवशीच, मग दवाखाना तुमचा असो की दुसऱ्याचा. त्याला ना पुढे घ्यायचं ना मागे, त्याला दुसऱ्या ठिकाणचा पत्ता लिहून द्यायचा असतो. पण पत्ता लिहायला कागद लागतो.

आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी 23 ला, क्षयाच्या तपासणीची ती हातावर कातडीत टोचायची सुई अवश्य टोचा. तिची गाठ 48 ते 72 तासांत मोजायची असते, म्हणजे शनिवार-रविवारी. त्या वेळी मोजायला कुणी नसेल. सोमवारी 3 ला पेशंट येईल तेव्हा गाठ बसलेली असेल, म्हणून पुन्हा टोचा. दोन सुया, निकाल एकच, आणि तोही उशिरा.

राहिला तातडीचा संपर्क. पाटीवर ‘इमर्जन्सीसाठी’ असं लाल अक्षरांत लिहून खाली दवाखान्याचाच नंबर द्या. तो लावला की रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू यावा: ‘दवाखाना बंद आहे. तातडीच्या संपर्कासाठी दारावरची सूचना पाहावी.’ हे वर्तुळ पूर्ण असतं, त्यात कुठेही फट नसते. ज्यांना फट हवी असते ते लोक पाटी लावल्यावर रात्री अकरा वाजता दुसऱ्याच फोनवरून स्वतः तो नंबर लावून बघतात, कोण उचलतंय, उचलल्यावर काय सांगतंय. असल्या संशयी स्वभावाच्या लोकांच्या नादी लागू नका.

बदली डॉक्टर ठेवलेत तर फारच छान. फक्त फाइलींच्या कपाटाची किल्ली स्वतःबरोबर घेऊन जा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेला पेशंट त्यांच्यासमोर नाकातून रक्त येतंय म्हणून बसला, की त्यांनी विचारावं, ‘डोस किती? शेवटची तपासणी कधी झाली?’ पेशंट म्हणेल, ‘पिवळी गोळी आहे, कधी अर्धी घ्यायची, कधी पूर्ण. ते डॉक्टरांना माहीत.’ डॉक्टर तेव्हा गाडीत झोपलेले असतील. कपाट बंद असल्यामुळे मात्र फाइलींवर धूळ बसत नाही.

आणखी एक. छातीत कळ येऊन घाम फुटणं, बोलता बोलता तोंड वाकडं होणं, दम लागून वाक्य पुरं न होणं, अशा वेळी कुणाच्याही मोबाइलवर मेसेज टाकून उत्तराची वाट बघायची नसते, थेट रुग्णवाहिका बोलवायची असते. ही ओळ पाटीवर सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठी हवी, असं काही डॉक्टर मानतात. पण वरची जागा दवाखान्याच्या नावाला आणि डॉक्टरांच्या पदव्यांना लागते, खालची शुभेच्छांना. मध्ये जी बोटभर उरते तिथे तारीख कशीबशी बसते.

3 तारखेचं वेळापत्रक सुट्टीवर जाण्याआधीच काठोकाठ भरून टाका. दहा दिवस घरी तापलेले, अंगावर पुरळ घेऊन बसलेले, गोळ्या संपलेले असे किती जण त्या सकाळी बिनाअपॉइंटमेंटचे येतील याचा अंदाज घेऊन निम्म्या वेळा मोकळ्या सोडणारे दवाखाने मी पाहिलेत. तिथलं काउंटर इतकं शांत असतं की बसवत नाही. आपल्याकडे नऊ वाजता पहिला आवाज चढला पाहिजे.

उघडल्यावर पाटी काढू नका. नीट विचार करून बघा: तिच्यावर वार नाही, महिना नाही, सालही नाही. ती पुढच्या सुट्टीलाही चालेल. आमची एकदा तशीच राहिली होती काचेवर. शटर वर होतं, आत दिवे लागलेले होते, डॉक्टर खुर्चीत मोकळे बसले होते. आणि मला काउंटरवरून दिसत होतं, एक आजोबा चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावून ‘3 तारखेपर्यंत बंद’ वाचत होते. महिना उलटला होता, त्या दिवशी तारीख होती 2. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि काठी टेकत पायऱ्या उतरून गेले.