खात्यातले पैसे वजा खर्च म्हणजे नफा नव्हे

"ठेक्याचा नफा काढायला हिशेबनीस कशाला? ३१ मार्चपर्यंत खात्यात आलेल्या पैशांतून झालेला खर्च वजा करा. रिटेन्शन हातात नाही, ते सोडा. आणि इमारत अर्धवट असताना नफा दाखवणं म्हणजे हवेतला हिशेब." असा एक समज आहे. तो तपासून पाहू.

धरून चला, ठेका २ कोटींचा आहे. ३१ मार्चपर्यंत आर्किटेक्टने १२० लाखांचं काम प्रमाणित केलंय, मालकाने १० टक्के रक्कम रिटेन्शन म्हणून स्वतःकडे राखून १०८ लाख दिलेत. यंत्रांच्या घसाऱ्यासकट खर्च १०९ लाख. वरच्या सूत्राने एक लाखाचा तोटा!

आता साइटवर चक्कर मारा. पाच लाखांचं स्टील आणि टाइल्स तशाच पडून आहेत, म्हणजे कामावर लागले १०४ लाख. शिवाय २८ मार्चला स्लॅब ओतला, पण त्याची मापं एमबीत, म्हणजे मापवहीत, चढलीच नाहीत. हे झालेलं पण अप्रमाणित काम. ते खर्चाच्या किमतीलाच धरायचं, त्यावर नफा लावायचा नाही. तेही पाच लाख धरू. १२० अधिक ५ वजा १०४, असा २१ लाखांचा नफा निघतो.

रिटेन्शनचे १२ लाख त्या १२० मध्येच आहेत. काम केलं, मोजलं, मंजूर झालं. फक्त पैसे दोषदायित्वाच्या मुदतीपर्यंत, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायच्या काळापर्यंत, मालकाकडे अडकले. ते येणं आहे. आयकरासाठी ठेक्याचं उत्पन्न मोजण्याचं मानक, आयसीडीएस-३, सुद्धा आर्थिक वर्ष २०१६-१७ पासून रिटेन्शन ठेक्याच्या उत्पन्नातच धरायला लावतं.

मात्र २१ लाख सगळे नफा म्हणून उचलायचे नसतात, आणि "हवेतला हिशेब" या शंकेत तेवढं तथ्य आहे. कॉस्टिंगमधली जुनी रीत अशी: काम पाव भागाहून कमी असेल तर काहीच घ्यायचं नाही, पाव ते निम्मं असेल तर एक तृतीयांश, निम्म्यापुढे दोन तृतीयांश, आणि काम संपत आलं की अंदाजित एकूण नफ्याचा हिस्सा. पहिल्या दोन हिश्श्यांना वर मिळालेल्या रोखीच्या प्रमाणाने गुणायचं. आपलं काम ६० टक्के. २१ चे दोन तृतीयांश १४, त्याला १०८/१२० ने गुणलं की १२.६ लाख. उरलेले ८.४ लाख राखीव. रिटेन्शनची सावधगिरी इथे घेतली जाते, उत्पन्न कापून नव्हे.

ही रीत खर्चाच्या हिशेबातली. वार्षिक ताळेबंदात एएस-७ या लेखा मानकाप्रमाणे काम किती टक्के पूर्ण झालं त्यावर नफा दाखवतात, तिथे दोन तृतीयांश नाही.

खरा धोका वेगळाच आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. ठेकेदार खोदाई आणि आरसीसीचे दर चढे लावतो, फिनिशिंगचे पडते. त्यामुळे सुरुवातीची बिलं गोड दिसतात. उरलेल्या कामाला १०० लाख लागणार असतील तर एकूण खर्च २०४ लाख, ठेका २०० चा. मग २१ लाखांचा नफा दिसत असूनही एएस-७ नुसार चार लाखांचा संपूर्ण तोटा याच वर्षी दाखवावा लागतो. म्हणून साइट इंजिनिअरला आधी विचारा, अजून किती लागणार?