पांढरा ढग, कोरडं बडोदं : एका प्रतिक्रियेला उत्तर

*“गेल्या आठवड्यात तुम्ही टाकलेल्या उपग्रहाच्या चित्रात बडोद्यावर पांढराशुभ्र ढग होता, आणि खाली तुम्ही लिहिलंत की रात्री किरकोळ सरी. तुक्का लागला, एवढंच. 2024 मध्ये भोवरा होता राजस्थानात आणि बुडालो आम्ही. मग या चित्रांवरून पाऊस कळतो कुठे? हस्तरेषा बघण्यासारखंच झालं हे. — दांडिया बाजारातले एक काका”*

काका, नमस्कार. तुम्ही ज्या दोन गोष्टी पुराव्यादाखल दिल्यात, त्या दोन्ही एकाच नियमात बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो पांढरा रंग. मी टाकलेलं चित्र इन्फ्रारेड होतं, म्हणजे तापमानाचं. उपग्रह 36,000 किलोमीटरवरून ढगाचा फक्त माथा पाहतो. माथा जितका थंड, तितका रंग पांढरा. थंड म्हणजे उंच, इतकंच त्यातून ठरतं. त्या माथ्याखाली दहा-बारा किलोमीटर जाडीचा पावसाळी ढग आहे की बर्फकणांचा विरळ पापुद्रा, हे रंग सांगत नाही. दोघांचा रंग जवळजवळ सारखाच दिसू शकतो.

हा पापुद्रा पावसाळ्यात आपल्याकडे फार येतो. खाली वारा अरबी समुद्राकडून, पश्चिमेचा. पण बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर तो उलटा, पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे माळव्यावर ढग उसळले की त्यांचे माथे पिंजलेल्या कापसासारखे पश्चिमेला, आपल्या डोक्यावर येतात. त्यातून गळणारे बर्फकण जमिनीवर पोचायच्या आधीच कोरड्या हवेत विरून जातात. आकाश दुधाळ होतं, ऊन मवाळ होतं, अंगणात थेंब नाही.

ओळखायचं कसं? ढगाच्या कडा पाहा. त्या चित्रात पांढऱ्या पट्ट्याची पूर्वेची कड इंदूर-धारच्या वर सुरीने कापल्यासारखी स्पष्ट होती आणि पश्चिमेची कड बडोदं ओलांडून खंभातच्या आखातावर विस्कटत गेली होती. पावसाचे खरे मनोरे स्पष्ट कडेला लागून असतात, विस्कटलेल्या टोकाला नाही. दुसरी खूण दिवसाच्या दृश्य, म्हणजे साध्या उजेडातल्या चित्रात मिळते. तेव्हाच्या दुपारच्या चित्रात बडोद्यावरच्या ढगातून खंभातच्या आखाताची किनार आरपार दिसत होती. पावसाच्या ढगातून किनारा दिसत नाही. तो ढग खडबडीत, उठावदार दिसतो आणि तिरपं ऊन असेल तर शेजारच्या ढगावर त्याची सावलीही पडते. रात्री ही दुसरी खूण हातात नसते, म्हणूनच रात्रीच्या इन्फ्रारेड चित्रांवरून व्हॉट्सअॅपवर जास्त घबराट होते.

आता भोवरा. लोक त्याचं केंद्र शोधतात आणि समजतात की पाऊस तिथेच. भर समुद्रातल्या चक्रीवादळापुरतं ते पुष्कळसं खरं आहे. पण बंगालच्या उपसागरातून निघून ओडिशा, छत्तीसगडवरून मध्य प्रदेशाकडे येणाऱ्या पावसाळी कमी दाबाच्या क्षेत्रांचं गणित निराळं. त्यांचा सर्वांत जोरदार पाऊस केंद्राच्या नैऋत्येला, साधारण दोन-तीनशे किलोमीटरवर पडतो. आपल्या गोलार्धात वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, म्हणजे केंद्राच्या दक्षिणेला ते पश्चिमेकडून येतात. मान्सूनचा वाराही पश्चिमेचाच. दोन्हींची बेरीज होते आणि अरबी समुद्राची वाफ त्या पट्ट्यात कोंबली जाते. शिवाय खाली पश्चिमेचा आणि वर पूर्वेचा वारा असल्यामुळे हा भोवरा उभा सरळ नसतो, वर जाताना नैऋत्येकडे कलतो, आणि हवा मुख्यतः त्याच बाजूला वर चढते.

आता तुमचं 2024 याच नियमाने पाहा. 26 ऑगस्टला, जन्माष्टमीच्या दिवशी, त्या प्रणालीचं केंद्र आग्नेय राजस्थानात, चित्तोडगडच्या दक्षिणेला होतं. नकाशावर पट्टी ठेवा: तिथून बडोदं दक्षिण-नैऋत्येला अडीचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे नेमकं त्या पट्ट्यात. त्यात ती प्रणाली सावकाश सरकली, त्यामुळे पट्टा आपल्यावरून लवकर हललाच नाही. पुढे ती सौराष्ट्र-कच्छवरून समुद्रात उतरली आणि 30 ऑगस्टला तिचं ‘असना’ चक्रीवादळ झालं. विश्वामित्री मात्र तोवर 35 फुटांच्या वर जाऊन आली होती. नदी पावागढच्या डोंगरातून येते आणि अजवा जलाशयाचं पाणीही तिच्यातच उतरतं, म्हणून शहराचं भवितव्य बघायचं तर चित्रात शहराच्या ईशान्येलाही तितकंच पाहावं लागतं. भोवरा राजस्थानात होता आणि बुडालो आपण, हा विरोधाभास नाही काका. केंद्र तिथे होतं म्हणूनच पाऊस इथे होता.

आणि गेल्या आठवड्यात? केंद्र भोपाळजवळ होतं. तिथून बडोदं पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पट्ट्याबाहेर. पट्टा इंदूर-खरगोणवर होता. आपल्याकडे आला तो त्याचा उडून आलेला माथा.

“तुक्का” या शब्दाला उत्तर द्यायचं तर त्या रात्रीची आकडेमोडच दाखवतो. सहा तासांच्या अंतराची दोन चित्रं घेतली. केंद्र इन्फ्रारेडमध्ये वरच्या पापुद्र्याखाली लपतं, म्हणून सकाळच्या दृश्य चित्रांत खालच्या ढगांच्या वळणाऱ्या रेघा जिथे मिळतात ती जागा धरली. सहा तासांत ते जेमतेम एक अंश पश्चिमेला सरकलं होतं, या अक्षांशावर सुमारे शंभर किलोमीटर. म्हणजे ताशी सतरा. बडोदं पट्ट्यात यायला केंद्र रतलाम-मंदसौरच्या आसपास पोचायला हवं, त्याला याच वेगाने आणखी चौदा-पंधरा तास. म्हणून ‘रात्री किरकोळ’ लिहिलं, आणि ‘उद्या दुपारी पुन्हा बघू’ असंही लिहिलं होतं, ते तुमच्या नजरेतून सुटलं. दुसऱ्या दिवशी केंद्र उत्तरेला, गुनाकडे वळलं आणि पट्टा आपल्यापर्यंत आलाच नाही. हे वळण आदल्या दिवशीच्या चित्रात नव्हतं. चित्र आत्ता काय आहे ते सांगतं. पुढचं वळण सांगायला वाऱ्याचे अंदाज लागतात, आणि त्यासाठी मी हवामान खात्याचं पत्रकच वाचतो.

मिलिमीटरही चित्रातून निघत नाहीत. इन्सॅटच्या इन्फ्रारेड चित्रातला एक ठिपका चार किलोमीटरचा. मांडवीत पडेल की अलकापुरीत, हे विचारू नका. आणि उलटी फसगतही होते: मध्यम उंचीच्या ढगांतून दिवसभर संततधार लागते तेव्हा इन्फ्रारेडमध्ये नुसता करडा रंग दिसतो. करड्याला घाबरायचं नसतं असं मानणारेही भिजतात.

एक विनंती. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारं चित्र मलाही आलं होतं. त्याच्या कोपऱ्यात 0600 UTC लिहिलं होतं, म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा. ते फिरत होतं रात्री दहाला. UTC वेळेत साडेपाच तास मिळवायला विसरू नका, आणि तारीखही बघा.

आज दुपारी पुन्हा एक भोवरा छत्तीसगडवर दिसतोय. पट्टी घेऊन बसा. त्याचं केंद्र उज्जैनच्या पश्चिमेला आणि आपल्या ईशान्येला आलं, तर अजव्याच्या पातळीकडे लक्ष ठेवा. ते जबलपूरहून वर उत्तरेला वळलं, तर डोक्यावर कितीही पांढरं दिसलं तरी कपडे बाहेर वाळत घाला.