स्टिरॉइड ‘उतरवणे’ म्हणजे नेमके काय : एका प्रतिक्रियेला उत्तर

नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिने जाऊन अंगावर सूज येणारा मुलांचा मूत्रपिंडाचा आजार, याच्या पहिल्या खेपेत स्टिरॉइड कसे द्यावे याविषयी मी एका मुलीचे उदाहरण देऊन लिहिले होते. त्यावर एका पालकांची ही प्रतिक्रिया आली :

“सहा आठवडे रोज ३५ मिलिग्रॅम, मग एकदम दिवसाआड २५ आणि नंतर थेट बंद, असे लिहिणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. स्टिरॉइड दर आठवड्याला पाच-पाच मिलिग्रॅमने उतरवायचे असते. शिवाय माझ्या मुलाला, तोही चौदा किलोचाच, आमच्या डॉक्टरांनी २८ मिलिग्रॅम दिले होते. तुमच्या उदाहरणातल्या मुलीला ३५ कुठून आले?”

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पुढचे सगळे त्या आकड्यावर उभे आहे. आपल्या डॉक्टरांनी किलोला दोन मिलिग्रॅम हा हिशोब धरला आणि तोही मान्य हिशोब आहे. मी मात्र शरीराच्या पृष्ठफळावरून मोजतो. त्या मुलीची उंची ९५ सेंटिमीटर आणि सूज उतरल्यावरचे वजन १४ किलो होते. दोन्हींचा गुणाकार ३६०० ने भागून वर्गमूळ काढले की ०.६१ चौरस मीटर येते. दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम याप्रमाणे साडेछत्तीस होतात आणि पाच-दहाच्या गोळ्यांत ते ३५ बसवले. लहान मुलाचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त असते, त्यामुळे मूल जितके लहान तितका किलोचा हिशोब पृष्ठफळाच्या हिशोबापेक्षा कमी मात्रा देतो. पहिल्या खेपेला आजार पुरता दाबला जावा, म्हणून लहान मुलांत मला पृष्ठफळाचा हिशोब अधिक भरवशाचा वाटतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. दाखल झाली तेव्हा सुजेमुळे तिचे वजन १७ किलो भरले होते. ते धरले असते, तर मात्रा ४० वर गेली असती, आणि ते पाच मिलिग्रॅम अंगात साठलेल्या पाण्यासाठी दिल्यासारखे झाले असते.

आता उतरवण्याविषयी. पहिल्या खेपेच्या सहा आठवड्यांनंतर दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम, पण दिवसाआड, हा टप्पा येतो. तिच्या बाबतीत हे २५ झाले. कागदावर ३५ वरून २५ दिसत असले, तरी रोजची सरासरी साडेबारावर येते, म्हणजे एका दिवसात मात्रा जवळजवळ एक तृतीयांश झाली. आपण ज्याला ‘एकदम’ म्हणता, तेच उतरवणे आहे. ते दिवसाआड असण्याचे कारण असे, की सकाळी एकदाच घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा असर साधारण बारा ते छत्तीस तास टिकतो, आणि रिकाम्या दिवशी मुलाच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड तयार करायला वाव मिळतो. उंची वाढण्यावरचा दाबही त्यामुळे कमी होतो. हीच साडेबारा मिलिग्रॅम रोज दिली तर बेरीज तीच राहते, पण ग्रंथींना सुट्टी मिळत नाही. बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन या स्टिरॉइडांचा असर याहून बराच लांबतो, म्हणून ती दिवसाआड देऊन हा लाभ होत नाही.

पाच-पाचने आणखी काही महिने उतरवल्यास आजार उशिरा परततो, असे पूर्वी मीही मानत असे. भारतात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन आणि सहा महिन्यांचे उपचार ताडून पाहिले गेले, ब्रिटनमधील ‘प्रेडनॉस’ चाचणीत (२०१९) आठ आणि सोळा आठवड्यांचे. लांबवलेल्या उपचाराने आजार परतण्यात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणून पहिल्या खेपेत दिवसाआडचे सहा आठवडे पूर्ण झाले, की मी थांबतो.

आपली काळजी जिथे खरोखर लागू पडते, ती मुले वेगळी आहेत. दिवसाआडच्या टप्प्यात, किंवा बंद केल्यापासून चौदा दिवसांच्या आत, लागोपाठ दोनदा आजार परतला तर ते मूल स्टिरॉइडवर अवलंबून आहे असे धरतात. त्याची दिवसाआडची मात्रा हळूहळू कमी करत, किलोला अर्धा ते पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास सर्वांत कमी पुरेशा मात्रेवर सहा महिने ते वर्षभर ठेवावी लागते. तिथे घाई नडते. आजार परतला हे सुजेवरून नव्हे, तर सकाळच्या लघवीतली प्रथिने दाखवणाऱ्या पट्टीवरून कळावे : सलग तीन दिवस तीन किंवा चार अधिक चिन्हे. सर्दी-तापात एखाद्या दिवशी उमटलेल्या रंगावर मात्रा वाढवू नये.

त्या मुलीच्या आईने कॅलेंडरवर विषम तारखांना खुणा केल्या होत्या. महिन्याच्या अखेरीस ३१ ची खूण झाली आणि लगेच १ तारखेचीही, म्हणजे सलग दोन दिवस गोळी गेली. तेव्हापासून मी पालकांना तारखांवर विसंबू देत नाही; दिलेल्या दिवसापुढे ‘दिली’ आणि पुढच्या दिवसापुढे ‘सुट्टी’ असे आधीच लिहून देतो.

गोळी बंद झाल्यावरही अनेक महिने ग्रंथी पुरत्या सावरलेल्या नसू शकतात. तेवढ्या काळात मोठा आजार, शस्त्रक्रिया, किंवा उलट्यांसोबत ग्लानी असेल, तर मुलाला कधी आणि किती दिवस स्टिरॉइड दिले होते हे नव्या डॉक्टरांना दारातच सांगावे. त्या वेळी जास्तीची मात्रा लागू शकते. आपल्या मुलाच्या फाइलवरही ही नोंद पहिल्या पानावर करून घ्या.