देवांचे वार आणि फ्रीजचे दिवस

आमच्या घरी सामिष खाण्यावर देवांचं बारीक लक्ष असतं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारबद्दल आई आणि बायकोत मतभेद आहेत, मी त्यात पडत नाही.

अशा घरात एका रविवारी पाहुण्यांसाठी चिकन, मटण, खिमा आणि बांगडे असा सगळा गोतावळा येऊन पडला आणि पाहुण्यांची गाडी खंबाटकी घाटात बंद पडली. "फ्रीजमध्ये टाक, बुधवारी करू," आई शांतपणे म्हणाली. तिच्या मते फ्रीजमध्ये काळ थांबतो. प्रत्यक्षात ४ अंशांच्या खालीही जंतू वाढतच असतात, फक्त सावकाश.

बायकोने डबे ओट्यावर मांडून निवाडा सुरू केला. खिमा आजच. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरवर असतात. यंत्रातून काढला की ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून कच्चा खिमा फार तर एक-दोन दिवस. बांगडेही आजच. त्यांना थंडावा कमी पडला तर हिस्टामाइन तयार होतं, आणि ते तळूनही जात नाही. मग अंगावर पुरळ, तोंड लाल, आणि दोष बिचाऱ्या तिरफळांना.

मटणाचे तुकडे तीन ते पाच दिवस टिकतात, म्हणजे बुधवार गाठतात. ते सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट डब्यात झाकून गेले, म्हणजे त्यांचं पाणी कोथिंबिरीवर ठिबकायला नको.

पेच चिकनचा. त्याची मुदत एक-दोन दिवस, म्हणजे सोमवार-मंगळवार. दोन्हीकडे देव उभे!

"दही-हळद लावून ठेव, टिकेल," आई म्हणाली. मुरवल्याने चव वाढते, दिवस वाढत नाहीत. "मग मी वास घेऊन सांगेन." आईच्या नाकाला आमच्या घरी सुप्रीम कोर्टाचा दर्जा आहे. पण घाण वास आणणारे जंतू वेगळे आणि पोट बिघडवणारे बरेचदा वेगळे. वास आला तर फेकायचंच. नाही आला म्हणून निर्दोष सुटका होत नाही.

शेवटी चिकन छोट्या पिशव्यांत चपटं करून फ्रीजरमध्ये गेलं. आम्ही रविवारी दुपारी बांगडे आणि रात्री खिमा असे दोन्ही, पाहुण्यांच्या वाटणीसकट, संपवले.

बुधवारी चिकन शिजवायचं तर मंगळवारी ते खालच्या कप्प्यात उतरवायला हवं. ओट्यावर वितळवलं की बाहेरचा भाग कोमट होतो आणि आत बर्फच राहतो. पण अंगारकी नसली तरी मंगळवार तो मंगळवार, चिकनला हात कसा लावायचा? आईने बराच विचार करून निकाल दिला, "वितळवणं म्हणजे खाणं नव्हे. पण उतरवलंस की आंघोळ कर, आणि मगच देवघरात ये."