निगेटिव्ह रिपोर्ट आणि जंताचं औषध: खुलासा

"शीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता कुत्र्याच्या पिल्लाला जंताचं औषध नको."

हे चूक आहे, कृपया पुढे पाठवू नका. परवा माझ्याकडे 18 दिवसांचं, पोट फुगलेलं पिल्लू आलं. शीच्या स्लाइडवर जंताचं एकही अंडं नव्हतं. पायरँटेल हे जंताचं औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी शेवयांसारखे गोलकृमी पडले! ते आईच्या पोटातच पिल्लात शिरतात, पण अंडी दिसायला जन्मानंतर साधारण 3 आठवडे लागतात. अंकुशकृमी दुधातून येतात आणि अंडी दिसण्याआधीच रक्त पितात. हिरड्या पांढऱ्या पडतात. म्हणून रिपोर्ट कसाही असो, 2, 4, 6 आणि 8 आठवड्यांना वजन करून डोस द्यायचा, आईलाही.

जिआर्डिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीचं वेगळं. शी तपासायच्या मिठाच्या द्रावणात तो आक्रसतो, ओळखू येत नाही. पायरँटेलही त्याच्यावर चालत नाही. जुलाब थांबत नसतील तर झिंक सल्फेटच्या द्रावणात पुन्हा तपासून घ्या.